सूर यमनाचेच, मग यमन कुठे गेला?

प्रश्न : माझ्या मुलीने मैत्रिणीच्या लग्नासाठी एक प्रेमगीत रचले. यमनाचे सातही सूर घेतले, बाहेरचा एकही नाही. घरी पेटीवर चाल छान यमनासारखी वाटत होती. गिटारच्या साथीत बसवल्यावर मात्र तिचे गुरुजी म्हणाले, "यात यमन राहिलेला नाही." सूर तेच असताना राग कसा निघून जाईल?

उत्तर : गुरुजींचा कान बरोबर आहे आणि मुलीचे सूरही बरोबर आहेत. हरवला आहे तो षड्ज. पेटी जवळ असेल तर हे लगेच पाहता येईल.

पांढरी १ला सा धरा. यमनात मध्यम तीव्र असतो, म्हणून पांढरी ४ सोडून काळी ३ घ्यायची; बाकी सगळ्या पांढऱ्याच. आता याच पट्ट्या पांढरी ५पासून वाजवत वर जा. एकही पट्टी बदललेली नाही, तरी ऐकू येतील ते सरळ शुद्ध सूर, म्हणजे बिलावलाचे सप्तक. यमनाचा पंचम इथे षड्ज झाला आणि तीव्र मध्यम झाला त्याचा शुद्ध निषाद. पट्ट्यांचा संच एकच आहे. घर कोणते, यावर सगळे अवलंबून आहे.

मैफलीत तानपुरा सतत ते घर दाखवत असतो. गिटारच्या साथीत तानपुरा बहुधा नसतो, आणि तिथे घर ठरवतात कॉर्ड. तुमच्या मुलीच्या साथीदाराने बहुधा जी आणि डी हे कॉर्ड आलटून पालटून वाजवले असावेत. डीमध्ये रे, तीव्र म आणि ध असतात, जीमध्ये प, नि आणि रे. डीवरून जीवर आले की तीव्र मध्यम पंचमात जाऊन विसावतो, आणि अशा विसाव्याला कान घर समजतो. दोन ओळी झाल्या की ऐकणाऱ्याचा षड्ज पंचमावर सरकलेला असतो. सवयीने एफ वाजवला तर वेगळाच घोळ होतो. त्यात शुद्ध मध्यम आहे, आणि गळ्यात तीव्र मध्यम असताना तो उघड खटकतो.

सा खरोखर घसरला आहे का, हे ओळखायला गाणे मध्येच थांबवा आणि घरातल्या कुणालाही, गाणे न शिकलेल्यालाही, 'संपल्यासारखा' वाटेल तो सूर गुणगुणायला सांगा. पांढरी ५ आली, तर घर बदलले आहे.

उपाय सोपा आहे. खर्जात पांढरी १ सतत ठेवावी, तानपुऱ्याची असो वा बासची. तिच्यावर सी आणि डी फिरवावेत, मधूनमधून ई मायनर घ्यावा. जी वर्ज्य नाही, पण डीनंतर त्याच्यावर ओळ संपवू नये.

आता चालीकडे. यमनाचे सूर घेतले की यमन झाला, हा समज फार पसरला आहे. सा रे ग म॑ प ध नि ही नुसती शिडी झाली. यमन चढताना बरेचदा सा आणि प गाळतो, नि़ रे ग, म॑ ध नि असा जातो, आणि गंधार-निषादावर रेंगाळतो. केरव्याच्या दोन आवर्तनांत मुखडा असा बसवता येईल :

नि़ रे ग ऽ | म॑ ग प ऽ
म॑ ग रे ऽ | नि़ रे सा ऽ

इथे पहिला विसावा गंधारावर आहे. पंचम येतो, पण लगेच म॑ ग रे करत खाली उतरतो, आणि शेवटी निषादावरून षड्ज गाठला जातो. घर कुठे आहे याची शंका उरत नाही. माझ्या मते प्रेमगीतातला वाट पाहण्याचा भाव या चालीतल्या सगळ्यांत मोकळ्या जागेत, गंधारानंतरच्या त्या थांब्यातच, बसतो. शब्दांतले लांब अक्षर तिथे पडेल असे पाहावे.

मग शुद्ध मध्यम कधीच घ्यायचा नाही का? सुगम संगीतात जरूर घेतात, पण बेताने. दोन गंधारांच्या मध्ये, ग म ग असा, हलका स्पर्श दिला की यमनकल्याणाची छटा येते. त्याच्यावर थांबले की मात्र चाल दुसरीकडे वळते.

आणि हे सगळे पाळूनही प्रेमगीत आधुनिक राहू शकते. 'चितचोर' (१९७६) मधले, रवींद्र जैन यांनी संगीत दिलेले 'जब दीप जले आना' ऐकावे. यमन रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग, आणि गाण्यात भेटीची वेळही दिवेलागणीचीच. मुलीला सांगा, आधी तानपुरा लावून मुखडा दहा वेळा गा, आणि मगच साथीदाराला गिटार हातात घ्यायला सांग.