अडकलेल्या आवर्तनाचा पहारेकरी : वॉचडॉग टायमर

वसतिगृहाच्या गच्चीवरील पाण्याची टाकी भरणारा पंप एका लहानशा मायक्रोकंट्रोलरवर सोपवला आहे, असे आपण समजू. अर्डुइनो उनो फलकावरील एटीमेगा ३२८पी ही चिप संवेदकाकडून पाण्याची पातळी वाचते, रिले चालू वा बंद करते आणि पुन्हा वाचायला वळते. एके दिवशी संवेदक उत्तरच देत नाही. प्रोग्राम उत्तराची वाट पाहत एकाच ओळीवर थांबतो. पंप त्या क्षणी चालू असेल, तर टाकी ओसंडत राहते.

अशा प्रसंगासाठी चिपमध्येच वॉचडॉग टायमर असतो. त्याला स्वतःचे वेगळे घड्याळ असल्याने मुख्य प्रोग्राम कोठेही अडकला तरी तो मोजतच राहतो. ठरलेल्या मुदतीत त्याची मोजणी शून्यावर आणली नाही, तर तो चिपला रीसेट करतो. ही मोजणी शून्यावर आणण्यालाच अभियंते वॉचडॉगला खाऊ घालणे म्हणतात. आपल्या आवर्तनाला फार तर अर्धा सेकंद लागत असेल, तर दोन सेकंदांची मुदत योग्य. त्या घड्याळाचा वेग तापमान व व्होल्टेजनुसार थोडा बदलतो. म्हणून मुदत काठोकाठ ठेवू नये.

खरी मेख आहे ती खाऊ घालण्याच्या जागेत. पुष्कळ जण ही आज्ञा दुसऱ्या टायमरच्या इंटरप्टमध्ये ठेवतात. मुख्य आवर्तन ठप्प झाले तरी इंटरप्ट चालूच राहतात. मग पहारेकऱ्याला वेळेवर खाऊ मिळतो आणि बिघाड त्याला कधीच कळत नाही. ही आज्ञा आवर्तनात एकदाच, कामे पुरी झाल्याची खात्री करून द्यावी :

```
void loop() {
  bool a = readLevel();
  bool b = setPump();
  if (a && b) wdt_reset();
}
```

प्रतीक्षेच्या `while` मध्येही ती घालू नये. तसे केल्यास अडकण्यालाच अभय मिळते.

रीसेटनंतर या चिपमध्ये वॉचडॉग चालूच राहतो आणि मुदत मात्र सर्वांत लहान, सुमारे १५ मिलिसेकंद, होते. प्रारंभीची मांडणी त्याहून लांबली, तर चिप पुन्हा पुन्हा रीसेट होत बसते. म्हणून प्रोग्रामच्या अगदी आरंभी `MCUSR = 0;` व `wdt_disable();` लिहावे आणि मांडणी संपल्यावर `wdt_enable(WDTO_2S);` द्यावे. रीसेट वॉचडॉगमुळे झाला की अन्य कारणाने, हे `MCUSR` मधील `WDRF` या बिटवरून कळते. ते पुसण्यापूर्वी वाचून ठेवावे. काही बूटलोडर मात्र ती खूण आधीच पुसून टाकतात.

रीसेट होताच चिपच्या सर्व पिना इनपुट होतात. रिलेच्या ट्रान्झिस्टरला जमिनीकडे ओढणारा रोधक जोडलेला असेल, तरच पंप खात्रीने बंद पडतो.

एक मर्यादा राहतेच. आय-टू-सी जोडणीतील संवेदकाने माहितीची तार खाली धरून ठेवली, तर केवळ चिप रीसेट होऊन भागत नाही, कारण संवेदकाचा वीजपुरवठा तुटलेला नसतो. पुन्हा तीच वाट पाहणे, दोन सेकंदांनी पुन्हा रीसेट. तेव्हा मांडणीच्या वेळीच घड्याळाच्या तारेवर नऊ स्पंदने देऊन संवेदकाकडून ती तार सोडवून घ्यावी लागते.