हौद भरलेला होता, तरी गाई तहानलेल्या होत्या

आमचं गाव आणे पठाराकडे. धरणांचा तालुका म्हणून जुन्नरचं नाव असलं, तरी कुकडीच्या कालव्याचं पाणी आमच्या पठारावर चढत नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी जपून वापरायचं, म्हणून आम्ही हौद एकदा सकाळी काठोकाठ भरायचो आणि दिवसभर निश्चिंत राहायचो. चूक तिथेच झाली.

तीन संकरित गाई होत्या, दिवसाला चौदा-चौदा लिटरच्या. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकीचं दूध अकरावर आलं. आधी आम्ही पेंड बदलली, मग जंताचं औषध दिलं. शेण मात्र कोणी नीट पाहिलं नाही. ते घट्ट, कोरडं, थरांवर थर बसल्यासारखं पडत होतं. लघवी गडद आणि कमी होती. एके दिवशी दुपारी एक गाय दुसरीची लघवी चाटताना दिसली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, हिला पाणी पुरत नाहीये."

हौद तर अर्धा भरलेला होता. मी कोपरापर्यंत हात घातला, तर पाणी अंघोळीला काढल्यासारखं ऊन. तळाला हिरवं बुळबुळीत शेवाळ, वर कुट्टीचा आंबलेला थर. पत्र्यावर काळी टाकी, तिच्यापासून हौदापर्यंत उन्हात पडलेला काळा पाइप. असं पाणी गाय तोंड लावून सोडून देते. हौद रिकामा होत नाही, म्हणून आपल्याला वाटतं तिला तहान नाही.

मग मी हौद रिकामा केला आणि पंधरा लिटरच्या बादलीने भरत प्रत्येक बादलीला आतून खडूने रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पाहिलं, तर दहा रेघा खाली. दीडशे लिटर, म्हणजे गाईमागे पन्नास. चौदा लिटर दूध देणाऱ्या गाईला त्या उन्हात नव्वद-शंभर लिटर लागतं. दुधातच शंभरात सत्त्याऐंशी भाग पाणी असतं, ते दुसरीकडून येणार कुठून?

शिवाय त्याच महिन्यात आमची हिरवी मका संपली होती. हे फार जणांच्या लक्षात येत नाही. पंचवीस किलो हिरव्या मक्यातून गाईच्या पोटात अठरा-वीस लिटर पाणी जातं. आठ किलो कडब्यातून लिटरभरही जात नाही. म्हणजे ज्या दिवशी वैरण बदलली, त्याच दिवशी गाईमागे एक-सव्वा बादली पाणी वाढवायला हवं होतं. लोणी-धामणीला दिलेल्या माझ्या नणंदेकडेही अगदी हेच झालं होतं.

आम्ही टाकी पत्र्यावरून काढून कडुनिंबाखाली ओट्यावर घेतली आणि भोवती ओलं बारदान गुंडाळलं. पाइप हातभर खोल गाडला. हौदावर गवताचं छप्पर केलं. आता पाणी पहाटे, दुपारी आणि रात्री निजायच्या आधी असं तीनदा भरतो. रात्रीचं भरणं चुकवू नका. उन्हाळ्यात गार झाल्यावर, रात्रीच जनावर बरंच पाणी पितं. धार काढल्याबरोबर तर गाय सरळ हौदाकडे जाते, त्या वेळी पाणी ताजंच हवं.

कुट्टीचा थर रोज हाताने काढायचा. दोन-तीन दिवसांनी हौद उपसून खराट्याने घासायचा. पंधरा दिवसांनी आतून चुना लावून पूर्ण वाळू द्यायचा, मग एकदा धुऊन भरायचा. चुन्याने शेवाळ लवकर धरत नाही. ओल्या चुन्यावरच पाणी सोडाल, तर गाय तोंड लावणार नाही. हौद फार मोठा बांधू नका, उपसायचा कंटाळा येतो आणि मग तो घासलाच जात नाही. टोमॅटोच्या फवारणीचं किंवा खत कालवलेलं पिंप, कितीही धुतलं तरी, पाण्यासाठी ठेवू नका. युरियाने जनावर तासा-दोन तासांत जातं.

शेळ्यांचं दुखणं वेगळं. आमच्या दोन संगमनेरी शेळ्या गाईंच्या हौदाला तोंडच लावत नसत, आणि 'शेळीला कुठे पाणी लागतं' असंच आम्ही धरून चाललो होतो. दुभत्या शेळीला या दिवसांत पाच ते आठ लिटर लागतं, पण पाण्यात एक लेंडी पडलेली असली तरी ती मान फिरवते. घमेलं जमिनीवर ठेवलं की करडं त्यात पाय घालतात. आम्ही ते कुडाच्या बाहेर, शेळीच्या छातीइतक्या उंचीवर बसवलं. फक्त मान बाहेर निघेल एवढी फट ठेवली. त्याच संध्याकाळी दोघींनी घमेलं रिकामं केलं.

एक सांभाळा. दिवसभर पाण्याविना राहिलेल्या जनावरापुढे एकदम हौद मोकळा सोडू नका. आधी गाईला बादलीभर, शेळीला लिटरभर द्या, पाव तास थांबा, मग पुन्हा द्या.

दहा दिवसांनी रेघा मोजल्या, तर अठरा बादल्या संपल्या होत्या. दूध तेरावर आलं, चौदावर नाही आलं. उन्हाने गाय खातेच कमी, ते पाण्याने भरून निघत नाही. शेण मात्र चौथ्या दिवशीच मऊ पडायला लागलं होतं.