चौकोनी डक्टचे तोंड गोल करताना: पत्र्यावरची आखणी

चौकोनी डक्ट गोल पाइपला जोडणाऱ्या तुकड्यात दोन प्रकारचे पृष्ठभाग असतात. चौकोनाच्या प्रत्येक बाजूवर एक सपाट त्रिकोण उभा राहतो आणि त्याचे टोक गोल तोंडाला एका बिंदूत टेकते. दोन शेजारच्या त्रिकोणांच्या मध्ये जी जागा उरते तिथे पत्रा वळतो. हा वळता भाग म्हणजे तिरक्या शंकूचा तुकडा असतो आणि त्याचे शिखर चौकोनाच्या कोपऱ्यात असते. म्हणून पूर्ण तुकडा म्हणजे चार सपाट त्रिकोण आणि चार पाव-शंकू. दोन्ही पृष्ठभाग पत्रा न ताणता उलगडता येतात. त्यामुळे पत्र्यावर अचूक आखणी केली तर तुकडा हातोडीने ठोकून ओढावा लागत नाही. तो ओढावा लागत असेल तर चूक बहुधा आखणीतच आहे, वाकवणाऱ्याच्या हातात नाही.

उदाहरण म्हणून ४०० मिमी बाजूचा चौकोन, ३०० मिमी व्यासाचे गोल तोंड आणि ३०० मिमी उंची घेऊ. दोन्ही तोंडांचे मध्य एका रेषेत आहेत. वर्तुळाचे १२ समान भाग करायचे, म्हणजे प्रत्येक कोपऱ्याच्या वाट्याला तीन भाग आणि चार बिंदू येतात. भागणी कुठूनही सुरू करून चालत नाही. वर्तुळाची स्पर्शरेषा जिथे चौकोनाच्या बाजूला समांतर असते, ते चारही बिंदू भागणीत यायलाच हवेत, कारण सपाट त्रिकोणाचे टोक तिथेच टेकते. बिंदू थोडा बाजूला घेतला तर त्रिकोण शेजारच्या वळत्या भागात सलग मिसळत नाही. तुकडा तयार झाल्यावर त्याच्या वरच्या भागात खळगा पडतो, आणि बोटाने दाबला की पत्रा टकटक वाजतो.

प्रत्येक कोपऱ्यापासून त्याच्या वाट्याच्या चार बिंदूंपर्यंतच्या रेषांची लांबी हे सगळ्या आखणीचे मर्म आहे. नकाशात ती लांबी थेट कुठेच दिसत नाही. वरून पाहिलेल्या चित्रात उंची हरवते, समोरून पाहिलेल्या चित्रात खोली हरवते. या उदाहरणात कोपऱ्यापासून पहिल्या बिंदूपर्यंत वरच्या चित्रात २०६ मिमी मोजले जातात, समोरच्या चित्रात ३०४ मिमी. खरी लांबी मात्र ३६४ मिमी आहे. नवशिक्याची सर्वांत नेहमीची चूक म्हणजे समोरच्या चित्रावर कंपास ठेवून ३०४ उचलणे. ती रेषा चित्रात रेखीव दिसते, म्हणूनच फसवते.

खरी लांबी काढण्याची रीत सोपी आहे. पत्र्याच्या एखाद्या तुकड्यावर काटकोन आखायचा. उभ्या बाजूवर उंची, म्हणजे ३००, घ्यायची. आडव्या बाजूवर वरच्या चित्रातून मोजलेले अंतर घ्यायचे. त्या दोन टोकांना जोडणारा कर्ण म्हणजे खरी लांबी. आडवे अंतर २०६ असेल तर कर्ण ३६४ येतो. मधल्या दोन बिंदूंसाठी आडवे अंतर १४३ आणि कर्ण ३३२.५ येतो. चौथा बिंदू पहिल्यासारखाच, म्हणजे पुन्हा ३६४. तुकडा दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे सगळ्या कोपऱ्यांसाठी या दोनच लांब्या पुरतात.

आखणी मधल्या त्रिकोणापासून सुरू करावी. पत्र्यावर ४०० मिमीची रेषा ओढायची आणि तिच्या दोन्ही टोकांवरून ३६४ चे कंस मारायचे. ते जिथे छेदतात तो गोल तोंडाचा पहिला बिंदू. इथेच थांबून एक मोजमाप घ्यावे. या बिंदूपासून खालच्या रेषेवरचे लंब अंतर ३०४ यायला हवे, कारण सपाट त्रिकोणाची मधली रेषा समोरच्या चित्रात खऱ्या लांबीत दिसते. वर जी ३०४ ची लांबी घातक ठरली, तीच इथे उपयोगी पडते. ती जुळली नाही तर पुढे एकही कंस मारू नये.

त्यानंतर पहिल्या बिंदूवरून वर्तुळाच्या एका भागाएवढा कंस आणि कोपऱ्यावरून ३३२.५ चा कंस मारला की दुसरा बिंदू मिळतो. त्याच पद्धतीने तिसरा मिळतो, आणि चौथ्यासाठी कोपऱ्यावरून पुन्हा ३६४ घ्यायचे. पुढचा कोपरा शोधायला चौथ्या बिंदूवरून ३६४ आणि आधीच्या कोपऱ्यावरून ४०० घ्यायचे. हे काम मधल्या त्रिकोणाच्या डावीकडे आणि उजवीकडे स्वतंत्रपणे करत जायचे. दोन्ही टोकांना शेवटी अर्धा त्रिकोण येतो: खाली २०० आणि कडेला ३०४. जोड, म्हणजे सीम, याच ३०४ च्या रेषेवर घेतात. ती सपाट भागावर असल्याने सरळ राहते, शिवाय तुकड्यातली ती सर्वांत आखूड रेषा आहे. डावीकडचे कोपऱ्याकोपऱ्यातले अंतर उजवीकडच्याशी जुळवून पाहिले की हात कुठे घसरला ते लगेच कळते.

वर्तुळाचा एक भाग किती घ्यायचा, हा प्रश्न किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात तुकडा वाया जाण्याचे हे दुसरे मोठे कारण आहे. कागदावरच्या वर्तुळावर कंपास ठेवला की त्यात कंसाची लांबी येत नाही, जीवा येते. ३०० व्यासाच्या वर्तुळाचे १२ भाग केले तर जीवा ७७.६५ मिमी आणि कंस ७८.५४ मिमी असतो. फरक एक मिलिमीटरही नाही. पण तो बारा वेळा साचतो, आणि ९४२ ऐवजी ९३२ चा परीघ मिळतो. तोंड साधारण २९६.५ व्यासाचे होते आणि ३०० ची रिंग त्यावर सैल बसते. २४ भाग केले तर तूट तीन मिलिमीटरच्या आत येते, पण मग दुप्पट रेषा आणि दुप्पट कंस. त्यापेक्षा परीघ हिशेबाने काढून त्याला १२ ने भागावे आणि कंपास ७८.५ वर लावावा, हे अधिक शहाणपणाचे. बिंदू लागल्यावर ते लवचीक पट्टीने जोडून सलग वक्र ओढावा आणि पत्र्याची पातळ पट्टी त्यावर वाकवून पूर्ण कड मोजावी. ९४२ च्या आसपास आले तर कातर हातात घ्यायला हरकत नाही.

जाडीचा हिशेब पत्र्यावर अवलंबून असतो. ०.८ मिमीच्या जीआय पत्र्यात तो जवळजवळ सोडून देता येतो. हॉपरसाठी ५ मिमीची प्लेट असेल तर नाही. गोल वळणात प्लेटची आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते आणि लांबी न बदलणारा थर मधोमध राहतो. म्हणून आतला व्यास ३०० हवा असेल तर परीघ ३०५ वर काढायचा: ९५८ मिमी. ३०० वर काढला तर जवळजवळ १६ मिमी कमी पडतात. चौकोनी टोकाला मात्र कोपरे तीव्र वाकतात, त्यामुळे तिथे आतले माप धरायची पद्धत आहे. एकाच तुकड्याच्या दोन टोकांना दोन वेगळे नियम लागतात, आणि गोंधळ बहुधा इथेच होतो. संगणकावर उलगडणी करणाऱ्यालाही प्रोग्रॅमला दिलेले माप आतले, बाहेरचे की मधले, हे ठरवावेच लागते.

सीमसाठीचा जास्तीचा पत्रा नेहमी ३०४ च्या रेषेच्या बाहेर सोडायचा. लॅप जोडाला एका बाजूला ८ ते १० मिमी पुरतात. घडीच्या लॉक सीमला सीमच्या रुंदीच्या सुमारे तिप्पट पत्रा लागतो, तो दोन्ही कडांना वाटून द्यायचा. हा पत्रा रेषेच्या आतून घेतला की दोन्ही तोंडे लहान होतात, आणि मग चूक कंसांत शोधण्यात वेळ जातो. चौकोनी टोकाला फ्लॅन्ज त्याच पत्र्यातून वाकवता येते, कोपऱ्यांत खाचा मात्र घ्याव्या लागतात. गोल टोकाला तसे करू नये. तिथला पत्रा उतरत्या दिशेने येतो आणि कॉलर सरळ उभी लागते, म्हणून रिंग वेगळी करून बसवणे सोपे आणि हवाबंद ठरते.

वाकवण्याच्या रेषा म्हणजे कोपऱ्यातून पंख्यासारख्या निघणाऱ्या त्याच चार रेषा. ब्रेक प्रेसवर प्रत्येक रेषेवर थोडाच वाक द्यायचा. सगळा वाक मधल्या दोन रेषांवर टाकला तर कोपरा घडीसारखा टोकदार होतो. तोंड सुरुवातीला बारा बाजूंचे दिसते आणि पाइपच्या तुकड्यावर ठेवून लाकडी हातोडीने गोल करता येते. परीघ बरोबर असेल तरच ते ३०० वर येते. परीघ कमी असेल तर कितीही ठोकले तरी दहा मिलिमीटर कुठून येणार?

जागेवर पाइप मध्यात येत नसेल तर तोंड बाजूला सरकवावे लागते. समजा ते ६० मिमी उजवीकडे सरकले. आता उजव्या कोपऱ्यापासूनच्या चार लांब्या ३६१, ३२५, ३१५ आणि ३३५ होतात, तर डाव्या कोपऱ्यापासून ३७७, ३५०, ३५९ आणि ४००. दोन लांब्यांऐवजी आठ. तोंडे एकमेकांना समांतर असेपर्यंत टेकण्याचे चार बिंदू मात्र तेच राहतात, फक्त तोंडाबरोबर सरकतात. तोंड कलते असेल तर तेही बदलतात. बाजूला समांतर अशी स्पर्शरेषा मग दर वेळी मिळत नाही, आणि वर दिलेली भागणी जशीच्या तशी वापरता येत नाही.

सरकलेल्या तुकड्यात आणखी एक धोका असतो, तो सगळी मापे बरोबर असतानाही तुकडा निकामी करतो. आखणी पत्र्याच्या आतल्या बाजूवर आहे की बाहेरच्या, हे आधी ठरवलेले नसेल आणि पत्रा उलट्या बाजूने वाकवला, तर तयार तुकडा आरशातला होतो. तोंड एकाच दिशेला, चौकोनाच्या बाजूला समांतर सरकलेले असेल तर सीमची जागा बदलण्यापलीकडे बिघडत नाही, कारण असा तुकडा स्वतःच्या प्रतिबिंबासारखाच असतो. पण ते ६० उजवीकडे आणि ३० पुढे असे दोन दिशांना असमान सरकले, की प्रतिबिंब वेगळे असते आणि फिरवून बसत नाही. चौकोनाऐवजी लांबट आयत असेल तर दोन दिशांना सारखे सरकलेले तोंडही तसेच वागते. अशा कामात वाकवण्याच्या रेषा आतल्या बाजूवर ओढाव्यात, चौकोनाच्या एका बाजूवर ‘पुढे’ असे लिहावे, आणि कापण्यापूर्वी जाड कागदावर पाव मापाचा साचा कापून, वाकवून जागेच्या नकाशावर उभा करून पाहावा.