हृदयाचा आलेख वाचताना : शरीरक्रियाशास्त्रातील एका प्रश्नाची उकल

उच्च माध्यमिक वर्गांच्या जीवशास्त्रात हृदयचक्र व हृदय-विद्युतालेख हे दोन भाग लागोपाठ शिकविले जातात. विद्यार्थी दोन्ही पाठ करतो. परंतु एकाच प्रश्नात दोन्हींची सांगड घालावयाची वेळ आली की तो हमखास अडखळतो. आलेखावरील उंच टोक म्हणजेच हृदयाचा ठोका, अशी त्याची समजूत झालेली असते. ती बरोबर नाही. आलेख हृदयातील विजेच्या बदलांची नोंद करतो. स्नायूचे आकुंचन त्यानंतर, अल्पशा अवधीने होते.

आलेखातील तरंग

नेदरलँड्समधील शास्त्रज्ञ विलेम आइन्थोव्हेन यांनी या तरंगांना पी, क्यू, आर, एस व टी ही नावे दिली. त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पी हा छोटा तरंग अलिंदे, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे, उद्दीपित झाल्याचे दर्शवितो. क्यू-आर-एस हा उंच, अरुंद तरंगसमूह खालच्या कप्प्यांच्या, म्हणजे निलयांच्या, उद्दीपनाचा होय. टी तरंग निलये विद्युतदृष्ट्या पूर्वस्थितीत येत असल्याची खूण आहे. प्रत्येक तरंगाच्या मागोमाग त्या त्या कप्प्याची हालचाल होते, हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न

पुढील उदाहरण घेऊ. एका आलेखात लागोपाठच्या दोन आर टोकांमधील अंतर २० मिलिमीटर आहे. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. आर टोकानंतर लगेच डाव्या निलयातील दाब झपाट्याने वाढत आहे, मात्र त्यातील रक्त १२० मिलिलिटर एवढेच कायम आहे. हृदयाची गती किती? त्या क्षणी डाव्या बाजूच्या झडपांची स्थिती काय असेल?

गतीचा हिशेब सोपा आहे. २० ला २५ ने भागले असता ०.८ सेकंद येतात. हा एका हृदयचक्राचा काळ झाला. ६० सेकंदांना ०.८ ने भागले म्हणजे मिनिटाला ७५ ठोके ही गती मिळते.

दुसऱ्या भागात मात्र चूक होते. निलय आकुंचन पावत आहे, तेव्हा महाधमनीची झडप उघडी असून रक्त बाहेर पडत असणार, असे उत्तर अनेकदा लिहिले जाते. वास्तविक प्रश्नातच उत्तर दडलेले आहे. रक्त १२० मिलिलिटरवर स्थिर आहे, म्हणजे ते आतही येत नाही व बाहेरही जात नाही. याचा अर्थ अलिंद व निलय यांमधील द्विदल झडप आणि महाधमनीच्या मुखाशी असलेली अर्धचंद्राकृती झडप या दोन्ही बंद आहेत. निलयाचा दाब अलिंदाच्या दाबापेक्षा वाढताच द्विदल झडप मिटली. हृदयाचा पहिला ध्वनी याच सुमारास ऐकू येतो. महाधमनीत मात्र अजून पाऱ्याचा सुमारे ८० मिलिमीटर दाब आहे. निलयाचा दाब त्याच्या वर जाईपर्यंत पुढची झडप उघडत नाही. हा काळ साधारणतः ०.०५ सेकंदाचा असून त्यास समआयतन आकुंचन म्हणतात.

ताळा कसा पाहावा

उत्तर तपासण्यासाठी दोन गोष्टी क्रमाने पाहाव्यात. निलयातील रक्ताचे प्रमाण स्थिर असेल तर दोन्ही झडपा बंद. मग दाब वाढत असेल तर आकुंचन आणि उतरत असेल तर शिथिलन. टी तरंग संपण्याच्या सुमारास रक्त ५० मिलिलिटरवर स्थिर असून दाब उतरत आहे असे दिले असल्यास, अर्धचंद्राकृती झडप नुकतीच मिटली आहे व द्विदल झडप उघडावयाची आहे. दुसरा ध्वनी येथेच येतो. या दोन अवस्थांमध्ये १२० वजा ५०, म्हणजे ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत गेले. मिनिटाला ७५ ठोके धरता हे प्रमाण ५,२५० मिलिलिटर, म्हणजे सव्वापाच लिटर होते.

आलेखाची मर्यादा

वरील उदाहरणात आलेखाने गती व तरंगांचा क्रम सांगितला. दाब व रक्ताचे प्रमाण प्रश्नात वेगळे द्यावे लागले. केवळ आलेखावरून ते काढता येत नाही. रुग्णालयात याचा गंभीर प्रत्यय येतो. क्वचित प्रसंगी आलेखावर तरंग व्यवस्थित उमटत असतात, पण नाडी मुळीच लागत नाही. वीज वाहते, तरी रक्त पुढे ढकलले जात नाही. अशा वेळी पडद्यावरील तरंगांवर विसंबून न राहता छातीवर दाब देणे ताबडतोब सुरू करावे लागते. विजेची नोंद आणि हृदयाचे काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वर्गात नीट उमगलेल्या विद्यार्थ्याला त्याचे कारण सांगावे लागत नाही.