बेदाण्याची एक खेप आणि तिचे मूळदेश प्रमाणपत्र

शेतमाल निर्यातीत दोन कागदांची गल्लत वारंवार होते. पहिला म्हणजे पीक संरक्षण विभागाच्या अधिकाऱ्याने दिलेले फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, ज्याला शेतकरी व निर्यातदार नुसते ‘फायटो’ म्हणतात. दुसरा म्हणजे मूळदेश प्रमाणपत्र, अर्थात ‘सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन’. फायटोमध्येही माल कोठे पिकला याचा रकाना असतो, त्यामुळे मूळदेशाचा पुरावा त्यातच आला असा समज होतो. प्रत्यक्षात फायटो हे किडी व रोगांसंबंधीचे विधान आहे. माल तपासला असून तो आयातदार देशाच्या वनस्पती-आरोग्यविषयक अटी पूर्ण करतो, एवढेच ते सांगते. मूळदेश प्रमाणपत्राचा संबंध किडींशी नसून आयातशुल्काशी असतो, आणि परदेशातील सीमाशुल्क अधिकारी सवलत देताना तेच पाहतो.

मूळदेश प्रमाणपत्राचेही दोन प्रकार आहेत. केवळ ‘हा माल भारतीय आहे’ एवढेच सांगणारे ते अप्राधान्य प्रमाणपत्र. त्याने शुल्क कमी होत नाही. खरेदीदाराने, त्याच्या बँकेने किंवा आयातदार देशाने मागितल्यास ते द्यावे लागते. परकीय व्यापार महासंचालनालयाने अधिकृत केलेली वाणिज्य मंडळे व निर्यात संवर्धन परिषदा ते देतात. दुसरा प्रकार प्राधान्य प्रमाणपत्राचा. भारताने ज्या देशांशी व्यापार करार केला आहे, तेथे सवलतीच्या दराने शुल्क लागावे म्हणून हे प्रमाणपत्र घेतले जाते. ते कोणी द्यावे हे कराराप्रमाणे व वस्तूप्रमाणे ठरते. निर्यात निरीक्षण परिषदेची मुंबई, कोची, चेन्नई, कोलकाता व दिल्ली येथील अभिकरणे बहुतेक शेतमालासाठी ते देतात. सागरी उत्पादनांसाठी सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण देते. शहरातील वाणिज्य मंडळाकडून शिक्का मारून आणलेल्या अप्राधान्य प्रमाणपत्रावर सवलत मागणे, ही नव्या शेतकरी उत्पादक कंपन्यांची पहिली आणि सर्वांत महाग चूक असते. असा कागद खोटा नसतो, फक्त त्या कामाचा नसतो.

अर्ज आता ऑनलाइनच करावा लागतो. `trade.gov.in` या संकेतस्थळावरील ई-सीओओ २.० प्रणालीत निर्यातदार आपल्या आयात-निर्यात संकेतांकाने प्रवेश करतो, करार व प्रमाणपत्र देणारी संस्था निवडतो, बीजक जोडतो आणि मालाच्या मूळदेशाविषयीचे निवेदन भरतो. १ जानेवारी २०२५ पासून अप्राधान्य प्रमाणपत्रांसाठीही ऑनलाइन अर्ज अनिवार्य झाला आहे. प्रणाली अर्धवट भरलेला अर्ज अडवते, परंतु चुकीचा भरलेला अर्ज अडवीलच असे नाही. म्हणून खोळंबा होतो तो अर्जाच्या वेळी नव्हे, तर माल परक्या बंदरात उतरल्यावर.

हे समजण्यासाठी उदाहरणादाखल एक खेप घेऊ. तासगाव परिसरातील एक शेतकरी उत्पादक कंपनी न्हावा-शेवा बंदरातून व्हिएतनामला बेदाणा पाठवीत आहे, असे मानू. दहा किलो निव्वळ वजनाची १,२०० खोकी, म्हणजे १२,००० किलो बेदाणा. रिकामे खोके व आतील पिशवी मिळून ६०० ग्रॅम धरल्यास ढोबळ वजन १२,७२० किलो होते. मालाची जहाजावर चढेपर्यंतची किंमत २० लाख रुपये आहे. सामान्य व सवलतीच्या शुल्कात दहा टक्क्यांचे अंतर असेल, तर या एका खेपेत सुमारे दोन लाख रुपयांचा फरक पडतो. खरे अंतर किती, हे त्या वर्षाच्या शुल्कसूचीत आपल्या वस्तूच्या क्रमांकासमोर पाहूनच ठरवावे. सामान्य दरच शून्य असेल, तर प्राधान्य प्रमाणपत्राचा खटाटोप करण्याचे कारण उरत नाही.

व्हिएतनाम हा आसियान गटाचा सदस्य. भारत-आसियान वस्तुव्यापार करार २०१० पासून अंमलात आला असून त्याखालील प्रमाणपत्राच्या नमुन्याला ‘फॉर्म एआय’ म्हणतात. यात प्रश्न एकच: हा बेदाणा भारतीय कशावरून? द्राक्षे भारतात पिकली, भारतातच काढली व येथेच सुकवली, तर माल ‘पूर्णतः प्राप्त’ ठरतो आणि मूळदेशाच्या निकषाच्या रकान्यात `WO` लिहिले जाते. पुरावाही साधा असतो: सभासदांचे सातबारा उतारे व त्यांवरील पीक नोंद, शेडवर आलेल्या द्राक्षांची नोंदवही, शीतगृहाच्या पावत्या.

गुंतागुंत सुरू होते ती मिश्रणातून. बाजारात अफगाणिस्तानातून आयात झालेला बेदाणाही असतो. मागणी पुरी करण्यासाठी एखाद्या व्यापाऱ्याने त्यातील दोन टन घेऊन ते निवडले, धुतले, प्रतवारी केली व भारतीय खोक्यांत भरले, तरी तो बेदाणा भारतीय होत नाही. निवडणे, धुणे, टिकवण्यासाठी वाळवणे, पुन्हा भरणे, लेबल लावणे या क्रिया करारात किरकोळ मानल्या आहेत. बाहेरचा कच्चा माल वापरून वस्तू भारतीय ठरायची असेल, तर तिच्या किमतीतील किमान ३५ टक्के वाटा करारातील देशांचा असावा लागतो आणि शिवाय तिचा सहा अंकी वर्गीकरण क्रमांक बदलावा लागतो. बेदाण्याचा बेदाणाच राहिला, तर ०८०६.२० हा क्रमांक बदलतच नाही. नफा कितीही मिळवला तरी दुसरी अट अपुरीच राहते. अशा मिश्र मालाला `WO` लिहून प्रमाणपत्र घेतले असेल, तर ती लेखनातील चूक नव्हे. ते खोटे निवेदन ठरते आणि त्याला नंतर दुरुस्ती नाही.

उरलेल्या चुका प्रामाणिक असतात, पण खेप तितकीच अडकते. परदेशातील अधिकारी प्रमाणपत्र एकटे वाचत नाही. तो ते बीजक, पॅकिंग यादी, बिल ऑफ लॅडिंग आणि फायटो यांच्याशेजारी ठेवून वाचतो. आपल्या उदाहरणात फायटोवर १२,००० किलो व फॉर्म एआयवर १२,७२० किलो असे दोन आकडे आले, तर दोन्ही बरोबर असूनही शंका उत्पन्न होते. ‘निव्वळ’ व ‘ढोबळ’ हे शब्द दोन्ही ठिकाणी स्पष्ट असले, तर ती तेथेच मिटते. खोक्यांवरील खुणांचेही तसेच. शेवटच्या क्षणी खोकी बदलली आणि त्यांवर जुनाच शिक्का राहिला, तर कागदावरील खूण व मालावरील खूण जुळत नाही. आयातदाराचे नाव एका कागदावर पूर्ण व दुसऱ्यावर संक्षिप्त असणे ही किरकोळ वाटणारी गोष्टही प्रश्न निर्माण करते. किरकोळ विसंगतीमुळे प्रमाणपत्र आपोआप रद्द होत नाही. परंतु विसंगती किरकोळ आहे की नाही, हे ठरवणारा माणूस व्हिएतनामच्या बंदरात बसलेला असतो.

वर्गीकरण क्रमांकाबाबत एक बारकावा आहे. भारतीय शिपिंग बिलात बेदाण्याचा क्रमांक आठ अंकी लिहिला जातो. जगभर समान असतात ते पहिले सहाच अंक. पुढचे अंक प्रत्येक देशाचे स्वतःचे. फॉर्म एआयमध्ये आयातदार देशाचा क्रमांक अपेक्षित असतो. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी खरेदीदाराकडून त्याच्या देशातील क्रमांक लेखी मागवून घ्यावा. पहिल्या सहा अंकांतच मतभेद निघाला, तर तो माल भारतातून निघण्यापूर्वी मिटवावा.

सर्वाधिक घोटाळा तारखांचा होतो. हे प्रमाणपत्र माल रवाना होण्यापूर्वी, रवाना होताना किंवा त्यानंतर कामकाजाच्या तीन दिवसांत देता येते. जहाज सोमवारी सुटले आणि मध्ये सुटी नसेल, तर गुरुवारपर्यंत. त्यानंतरही बारा महिन्यांच्या आत ते मिळू शकते, मात्र मग त्यावर ‘पश्चात दिलेले’ या अर्थाचा `ISSUED RETROACTIVELY` हा शेरा असावाच लागतो. प्रत्यक्षात घडते ते असे: निर्यातदार वेळेआधीच नियोजित जहाजाचे नाव व तारीख घालून प्रमाणपत्र घेतो, कंटेनर त्या जहाजावर चढत नाही आणि चार दिवसांनी दुसऱ्या जहाजाने जातो. आता प्रमाणपत्रावर एक जहाज आणि बिल ऑफ लॅडिंगवर दुसरे. खाडाखोड करून पाठवलेला कागद स्वीकारला जात नाही. मूळ प्रमाणपत्राऐवजी नव्याने प्रमाणपत्र मागण्याची सोय ई-सीओओ प्रणालीत आहे. जहाज बदलल्याचे कळताच तिचा उपयोग करावा, माल उतरण्याची वाट पाहू नये.

मार्गाचाही प्रश्न येतो. कंटेनर सिंगापूर येथे दुसऱ्या जहाजावर चढला, तर सिंगापूर करारातीलच देश असल्याने अडचण नाही. तो कोलंबोमार्गे गेला, तर श्रीलंका या करारात नसल्याने माल तेथे बाजारात आला नाही व उतरवणे-चढवणे यांपलीकडे त्यावर काही झाले नाही, हे दाखवावे लागते. त्यासाठी भारतातून अखेरच्या बंदरापर्यंतचे एकच सलग बिल ऑफ लॅडिंग हा मुख्य पुरावा. कोलंबोपर्यंत एक व पुढे दुसरे अशी दोन बिले घेतल्यास सवलत धोक्यात येते. जहाज कंपनी निवडतानाच हे विचारावे. माल व्हिएतनामला जात असून बीजक मात्र दुबईतील मध्यस्थाचे असेल, तर फॉर्ममध्ये तिसऱ्या देशातील बीजकाच्या रकान्यावर खूण करून त्या संस्थेचे नाव व देश नमूद करावा लागतो. हा रकाना पानाच्या तळाशी असल्याने बहुधा रिकामाच राहतो.

या खोळंब्याची किंमत केवळ विलंब-आकारात मोजता येत नाही. बेदाण्याला रवानगीपूर्वी फॉस्फिनचे धुरीकरण दिलेले असले, तरी त्या वायूचा परिणाम पुढे टिकत नाही. वायू उडून गेला की माल पुन्हा असुरक्षित होतो. उष्ण बंदरात दोन-तीन आठवडे उभ्या कंटेनरमध्ये करवती भुंगेरा किंवा सुक्या मेव्यावरील पतंगाचा शिरकाव झाला, तर निघताना निर्दोष असलेला फायटोही मालाच्या उपयोगी पडत नाही. उष्णतेने बेदाणा काळवंडतो, ते वेगळेच. म्हणून वाद लांबणार असे दिसल्यास आयातदाराने पूर्ण शुल्क किंवा तारण भरून माल सोडवून घ्यावा आणि दुरुस्त प्रमाणपत्र आल्यावर परताव्याची मागणी करावी. असा परतावा मिळतो का व किती मुदतीत, हे आयातदाराच्या सीमाशुल्क दलालाकडून सौदा करतानाच विचारून घ्यावे.

माल सुटला म्हणजे प्रकरण संपले असेही नाही. आयातदार देश नंतर भारतातील प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे पडताळणी मागू शकतो, आणि ती संस्था निर्यातदाराकडे. भारतानेही सप्टेंबर २०२० पासून सवलतीने येणाऱ्या मालासाठी आपल्या आयातदारांना मूळदेशाची माहिती बाळगणे बंधनकारक केले आहे; तोच प्रश्न उलट दिशेने आपल्या बेदाण्याला विचारला जातो. त्या वेळी शेडची नोंदवही आणि कोणत्या शेतकऱ्याची द्राक्षे कोणत्या लॉटमध्ये गेली याची यादी मागितली जाते. ही यादी हंगामातच, रोजच्या रोज लिहिली जावी. विस्तार कार्यकर्त्याने शेडला भेट देताना प्रथम तीच वही पाहावी आणि लॉट क्रमांक खोक्यावरील खुणेशी ताडून घ्यावा.