आरएमओच्या इंटरव्ह्यूला जाताना

अगं, तालुक्याच्या गावातल्या हॉस्पिटलात जाते आहेस, तर नुसता हार्ट अटॅक घोकून जाऊ नकोस. पावसाळ्याच्या तोंडावर तिथे हमखास विचारतात ती केस अशी: पहाटे चारला तरुण शेतमजूर आणलाय. जमिनीवर झोपला होता. पोटात दुखून उलट्या झाल्या, आता पापण्या उचलत नाहीत. अंगावर खूण नाही, सूज नाही.

"मण्यार" म्हणून मोकळी होऊ नकोस. आधी श्वासाचं बोल. एका दमात किती आकडे मोजतो, लाळ गिळता येते का, उशीवरून मान उचलतो का, हे बघेन म्हण. मग निदान. मण्यारचे दात इतके बारीक की खूण दिसतेच असं नाही. वीस मिनिटांत रक्त गोठतं का, तेही बघशील. पण गोठलं म्हणून मण्यार नाही असं म्हणालीस, की तिथेच पकडतील. तिचं विष नसांवर काम करतं.

प्रतिविषाच्या दहा व्हायल सलाइनमधून तासाभरात द्यायच्या, अ‍ॅड्रेनलिन भरून हाताशी ठेवायचं, कारण रिअ‍ॅक्शन येऊ शकते. पुढचं बहुतेक जण विसरतात: नसांच्या टोकांना झालेली इजा प्रतिविषाने भरून येत नाही, त्यामुळे ते देऊनही श्वास थांबू शकतो. म्हणून ट्यूब वेळेत टाकायची. व्हेंटिलेटर नसेल तर अँबू बॅग दाबत, पुढच्या हॉस्पिटलला फोन करून, पेशंटसोबत जायचं.

मग विचारतील, "नातेवाईक मांत्रिकाकडे न्यायचं म्हणतात. काय कराल?" अंधश्रद्धेवर भाषण नको, आणि "सही घेऊन सोडेन" हे तर मुळीच नको. पेशंट शुद्धीवर असेल तर आधी त्याला विचार. घरात ज्याचा शब्द चालतो त्याला बाजूला घेऊन सांग, श्वास थांबला तर मशीन इथे आहे, तिथे नाही. अंगारा लावायचाच असेल तर इथे लावा, सलाइन चालू राहू दे. डिपॉझिटचा किंवा पोलीस केसचा प्रश्न आला तर परमानंद कटारा खटला सांग. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच बजावलंय की आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे सोपस्कार नंतर. उपचार सुरू करून वरिष्ठांना कळवेन, एमएलसीची नोंदही करेन, एवढं शांतपणे बोल.

शेवटी नाइटचं विचारतील. "कितीही करेन" म्हणू नकोस. "करेन" म्हण आणि याच केसवरून तू विचार: रात्री तीनला ट्यूब टाकायची वेळ आली तर भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येतात? प्रतिविष फार्मसीत असतं की कॅज्युअल्टीच्या फ्रिजमध्ये? सलग किती नाइट, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी की ओपीडी? या प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली तर जागा घे. टाळाटाळ झाली तर पगार चांगला असला तरी दुसरीकडे अर्ज कर.