भागीदारी, एलएलपी की कंपनी : सहीची किंमत किती?

नाशिकमधल्या दोन मित्रांच्या बांधकाम साहित्याच्या दुकानाचं उदाहरण घेऊ. पेढीकडे माल आणि रोकड मिळून पाच लाख आहेत. एक भागीदार दुसऱ्याला न विचारता पेढीच्या नावाने अठरा लाखांचा माल उधारीवर उचलतो. भाव पडतात, पैसे थकतात.

साधी भागीदारी असेल, तर 1932 च्या कायद्यानुसार प्रत्येक भागीदार पेढीचा एजंट असतो आणि धंद्याच्या नेहमीच्या व्यवहारातली त्याची सही पेढीला बांधते. ‘दोन लाखांवरची खरेदी दोघांच्या सहीनेच’ असं करारनाम्यात असलं, तरी पुरवठादाराला ते माहीत नसेल तर उपयोग नाही. पेढीचे पाच लाख गेल्यावर उरलेले तेरा लाख तो दोघांपैकी कोणाकडूनही, पूर्णच्या पूर्ण, वसूल करू शकतो. न विचारलेल्या भागीदाराचा फ्लॅटही त्यात येतो. जोडीदाराकडून त्याचा वाटा नंतर मागता येतो. पण आधी द्यावं लागतं. कारण कायद्याच्या नजरेत पेढी ही भागीदारांहून वेगळी व्यक्ती नाही.

2008 च्या कायद्याखालची एलएलपी ही वेगळी व्यक्ती आहे. इथेही जोडीदाराच्या सहीने एलएलपी बांधली जाते, पण तो एलएलपीचा एजंट असतो, तुमचा नव्हे. त्यामुळे वसुली तिच्या पाच लाखांवर थांबते. तुम्ही कबूल करून न भरलेलं भांडवल असेल तर तेवढं भरावं लागतं. स्वतः केलेल्या चुकीच्या कृत्याची जबाबदारी मात्र स्वतःचीच, आणि फसवणुकीच्या हेतूने धंदा केला तर त्यात सामील भागीदारांना ही ढाल उरत नाही.

कंपनीत भागधारकाची सही कंपनीला बांधत नाही. तो अधिकार संचालक मंडळाचा आणि मंडळाने नेमलेल्यांचा. भागधारकाचं नुकसान शेअरच्या रकमेपुरतं.

आता खर्च. भागीदारीला करारनामा, मुद्रांक आणि नोंदणी एवढ्यात भागतं. नोंदणी टाळू नका. तिच्याविना थकबाकीदारावर पेढीला दावा लावता येत नाही. एलएलपीला दरवर्षी फॉर्म 11 आणि फॉर्म 8 भरावे लागतात, धंदा शून्य असला तरी. हिशेबतपासणीची सक्ती उलाढाल चाळीस लाखांवर किंवा भांडवल पंचवीस लाखांवर गेल्यावर. कंपनीला ती दरवर्षी, पहिल्या रुपयापासून. शिवाय सभा आणि इतिवृत्तं. म्हणून उधारीवर चालणाऱ्या छोट्या धंद्याला माझ्या मते एलएलपी परवडते. बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा असेल तर कंपनी.

एक गोष्ट मात्र तिन्हीकडे सारखी. बँक कर्ज देताना भागीदारांची किंवा संचालकांची वैयक्तिक हमी मागते. त्या कागदावर सही केली, की त्या कर्जापुरती मर्यादित जबाबदारी संपली. हमीची रक्कम आणि मुदत वाचून, शक्य असेल तर मर्यादा घालून घेऊनच सही करा. आणि भागीदारीतून बाहेर पडलात, तर कायद्याने सांगितलेली जाहीर सूचना द्या. ती न दिल्यास पेढीच्या नंतरच्या व्यवहारांचीही जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते.